पीककर्जाच्या उताऱ्यातून खरी येणेबाकी कशी काढायची? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बँकेच्या किसान क्रेडिट कार्डावर म्हणजे केसीसीवर पीककर्ज घेणाऱ्यांसाठी आहे. विकास सोसायटीमार्फत कर्ज घेणाऱ्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे. हिशेब समजावा म्हणून एकच खातं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे. त्यातल्या रकमा उदाहरणादाखल आहेत, रीत मात्र तुमच्या खात्यालाही तीच लागू होते.

उताऱ्याच्या शेवटी जी बाकी दिसते, तेवढं भरलं की कर्ज फिटलं ना?

बहुतेक वेळा नाही. उतारा फक्त खात्यात नोंद झालेल्या रकमा दाखवतो. व्याज रोज चढतं, पण त्याची नोंद रोज होत नाही. काही बँका पीककर्जाचं व्याज वर्षातून एकदा टाकतात, काही सहा महिन्यांनी. शेवटची व्याजनोंद ३१ मार्चची असेल आणि तुम्ही ३० जूनला पैसे भरायला गेलात, तर मधल्या ९१ दिवसांचं व्याज उताऱ्यात कुठेच नसतं. ते संगणकात जमत असतं आणि खातं बंद करायच्या दिवशी समोर येतं. मग शेतकऱ्याला वाटतं की बँकेने आकडा वाढवला.

म्हणून उतारा हातात आला की आधी शेवटची व्याजनोंद शोधा. तिच्यापुढचं सगळं व्याज तुम्हाला स्वतः मिळवायचं आहे.

नावे, जमा, Dr, Cr : यातलं कुठलं माझ्या अंगावरचं?

नावे किंवा Dr म्हणजे तुमच्या अंगावर चढलेली रक्कम. उचल, व्याज, पीकविम्याचा हप्ता, एखादं शुल्क हे सगळं त्यात येतं. जमा किंवा Cr म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम. बाकीच्या आकड्यापुढे Dr असेल किंवा उणे चिन्ह असेल, तर तेवढं देणं आहे.

मोबाइलवर बघताना ‘उपलब्ध शिल्लक’ हा आकडा फसवतो. मर्यादा १,८०,००० आणि उचल ८०,००० असेल तर तिथे १,००,००० दिसतात. ते तुमचे पैसे नव्हेत. अजून उचलता येतील एवढाच त्याचा अर्थ.

खरीप आणि रब्बीची उचल एकाच खात्यात आहे. मग वेगळी मांडायची कशाला?

कारण दोन्हींची मुदत वेगळी असते, आणि मुदत संपली की व्याजदर बदलतो. महाराष्ट्रात खरिपाच्या कर्जाची परतफेड साधारणपणे ३१ मार्चपर्यंत आणि रब्बीची ३० जूनपर्यंत धरतात. उसासारख्या लांब मुदतीच्या पिकाला तारीख वेगळी असते, म्हणून मंजुरीपत्रातली देय तारीख आधी बघा.

१ एप्रिल उजाडला की एकाच खात्यात दोन प्रकारचे पैसे असतात. न फेडलेलं खरिपाचं कर्ज थकीत झालेलं असतं, रब्बीचं मात्र अजून मुदतीत असतं. उताऱ्यात दोघांची मिळून एकच बाकी छापून येते, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. एक साधी वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे खरीप आणि उजवीकडे रब्बी लिहा. प्रत्येक उचल ज्या हंगामाची असेल त्या बाजूला टाका.

व्याजदर मधेच का बदलतो?

तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्र सरकारची व्याज सवलत योजना लागू असते, म्हणून शेतकऱ्याला ७ टक्के दर लागतो. वेळेत फेडणाऱ्याला त्यातून आणखी ३ टक्के परत मिळतात, म्हणजे व्याज ४ टक्क्यांवर येतं. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्यांना राज्याकडूनही सवलत मिळते.

ही सवलत देय तारखेपर्यंत, आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालते. त्यानंतर बँक आपला नेहमीचा दर लावते. तो दर बँकेगणिक वेगळा असतो. खाली आपण १० टक्के धरला आहे. तीन लाखांच्या वरच्या रकमेलाही बँकेचाच दर लागतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मुदत चुकली म्हणून उचलीच्या पहिल्या दिवसापासून १० टक्के लागत नाहीत. देय तारखेपर्यंतचे दिवस ७ टक्क्यांनीच मोजायचे. नवा दर तिथून पुढच्या दिवसांना. बुडतं ते वेळेत फेडण्याबद्दलचं ३ टक्क्यांचं बक्षीस.

एखादं खातं सोडवून दाखवता का?

सोयाबीन आणि नंतर हरभरा घेणाऱ्या एका शेतकऱ्याचा उतारा असा आहे. ही बँक व्याज फक्त ३१ मार्चला टाकते.

| तारीख | तपशील | नावे | जमा | बाकी (Dr) |
|---|---|---|---|---|
| १० जून २०२४ | खरीप उचल | ६०,००० | | ६०,००० |
| ५ ऑगस्ट २०२४ | खरीप उचल | ३०,००० | | ९०,००० |
| १५ नोव्हेंबर २०२४ | रब्बी उचल | ४०,००० | | १,३०,००० |
| २० डिसेंबर २०२४ | रोख भरणा | | ५०,००० | ८०,००० |
| ३१ मार्च २०२५ | व्याज | ४,८२७ | | ८४,८२७ |
| २० मे २०२५ | रोख भरणा | | ३०,००० | ५४,८२७ |

प्रश्न असा: ३० जून २०२५ रोजी खरं देणं किती? उतारा म्हणतो ५४,८२७.

व्याजाचं सूत्र एकच आहे:

```
व्याज = मुद्दल × दिवस × दर ÷ ३६५००
```

दिवस मोजताना उचलीचा दिवस धरायचा आणि भरण्याचा दिवस सोडायचा. १० जून ते ५ ऑगस्ट हे ५६ दिवस होतात.

आधी खरिपाची बाजू, ३१ मार्चपर्यंत. ६०,००० रुपये ५६ दिवस वापरले. मग ९०,००० रुपये ५ ऑगस्ट ते २० डिसेंबर असे १३७ दिवस. डिसेंबरात सोयाबीन विकून भरलेले ५०,००० आधी देय होणाऱ्या कर्जात, म्हणजे खरिपात जमा धरले. राहिले ४०,०००, ते ३१ मार्चपर्यंत १०१ दिवस. प्रत्येक टप्प्याची रक्कम गुणिले दिवस करून बेरीज केली की १,९७,३०,००० येते. या बेरजेला बँकेत ‘प्रॉडक्ट’ म्हणतात. तिला ७ ने गुणून ३६५०० ने भागलं की ३,७८४ रुपये.

रब्बीची बाजू सोपी आहे. ४०,००० रुपये, १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च १३६ दिवस, दर ७. व्याज १,०४३ रुपये.

दोन्ही मिळून ४,८२७. उताऱ्यातली व्याजनोंद बरोबर निघाली. इथपर्यंत बँकेचा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर पुढे जाऊ नका, आधी इथली तफावत शोधा.

आणि ३१ मार्चनंतर?

खरिपाचे ४०,००० मुद्दल आणि ३,७८४ व्याज, असे ४३,७८४ आता थकीत झाले. रब्बीचे ४०,००० अजून मुदतीत आहेत, त्यांचा दर ७ च.

२० मेपर्यंत ५० दिवस झाले. थकीत ४३,७८४ वर १० टक्क्यांनी ६०० रुपये. रब्बीच्या ४०,००० वर ७ टक्क्यांनी ३८४ रुपये.

२० मे रोजी भरलेले ३०,००० थकीत खरिपात गेले. तिथलं देणं ४४,३८४ होतं. त्यात ४,३८४ व्याज होतं, ते आधी फिटलं. उरलेले २५,६१६ मुद्दलात गेले आणि खरिपाचं मुद्दल १४,३८४ राहिलं.

पुढे ३० जूनपर्यंत ४१ दिवस. १४,३८४ वर १० टक्क्यांनी १६२ रुपये. रब्बीच्या ४०,००० वर ७ टक्क्यांनी ३१५ रुपये.

आता बेरीज. खरीप १४,३८४ अधिक १६२, म्हणजे १४,५४६. रब्बी ४०,००० अधिक व्याजाचे तीन तुकडे (१,०४३, ३८४, ३१५), म्हणजे ४१,७४२. एकूण देणं ५६,२८८ रुपये.

उताऱ्यातल्या ५४,८२७ पेक्षा हे १,४६१ रुपयांनी जास्त आहे, आणि ते १,४६१ म्हणजेच एप्रिल ते जूनचं अजून नोंद न झालेलं व्याज. प्रत्येक टप्पा पूर्ण रुपयात धरल्यामुळे एखाद-दुसऱ्या रुपयाचा फरक पडू शकतो. त्यापेक्षा मोठा फरक असेल तर मात्र कारण हवं.

खरिपाच्या व्याजावर व्याज लावलं, रब्बीच्या का नाही?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शेतीकर्ज मुदतीत असेपर्यंत व्याजावर व्याज आकारायचं नाही. कर्ज थकलं की बँक ते मुद्दलात मिळवू शकते. म्हणून खरिपाचे ३,७८४ पुढच्या हिशेबात आले आणि रब्बीचे १,०४३ आले नाहीत. अल्प व अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदत कर्जात एकूण आकारलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, असाही नियम आहे. जुन्या थकीत खात्यात तो जरूर तपासा.

बँकेने चुकीचा दर लावला हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही की खातं थकलं म्हणून संगणक पूर्ण बाकीला वाढीव दर लावतो, मुदतीतल्या रब्बीलाही. आपल्या खात्यात तसं झालं असतं तर ८४,८२७ वर ५० दिवस आणि ५४,८२७ वर ४१ दिवस, दोन्ही १० टक्क्यांनी, मिळून १,७७८ रुपये झाले असते. बरोबर आकडा १,४६१. फरक ३१७ रुपयांचा. तीन महिन्यांच्या व्याजात हा फरक लहान नाही.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे उलटा हिशेब. बँकेने टाकलेल्या व्याजाला ३६५०० ने गुणा आणि उताऱ्यातल्या बाकीच्या प्रॉडक्टने भागा. आपल्या खात्यात तो प्रॉडक्ट ६४,८९,२५७ येतो. १,४६१ धरले तर दर सुमारे ८.२ निघतो, १,७७८ धरले तर बरोबर १०. खात्यात मुदतीतलं आणि थकीत असं दोन्ही कर्ज असताना दर ७ आणि १० च्या मध्ये कुठेतरी यायला हवा. तो थेट १० आला, तर रब्बीलाही वाढीव दर लागला आहे. ही आकडेमोड मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते, आणि शाखेत बोलताना यापेक्षा भक्कम मुद्दा मिळणार नाही.

भरलेले पैसे आधी व्याजात जातात की मुद्दलात?

थकीत कर्जात साधारणपणे आधी व्याज, मग मुद्दल. मुदतीतल्या कर्जात व्याजाची नोंदच झालेली नसते, म्हणून बहुतेक केसीसी खात्यांत भरणा थेट बाकी कमी करतो. आपण डिसेंबरचे ५०,००० तसेच धरले.

काही ठिकाणी मात्र भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज आधी कापून घेतात. २० डिसेंबरला खरिपाचं ३,००९ रुपये व्याज चढलं होतं. ते आधी कापलं असतं तर मुद्दल ४०,००० ऐवजी ४३,००९ उरलं असतं, आणि ३१ मार्चपर्यंत ५८ रुपये व्याज जास्त लागलं असतं. रक्कम छोटी आहे, पण तुमचा आणि बँकेचा आकडा थोडक्यासाठी जुळत नसेल तर कारण बहुधा हेच असतं. आपल्या शाखेची पद्धत एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

३ टक्के परत मिळाले की नाही, उताऱ्यात कुठे दिसतं?

दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी वेळेत फेडणाऱ्याकडून कमी दरानेच व्याज घेतात. काही ठिकाणी ७ टक्क्यांनी पूर्ण व्याज घेतात आणि सवलत नंतर खात्यात जमा करतात. दुसऱ्या पद्धतीत ही जमा काही महिन्यांनी येते, आणि कधी कर्जखात्याऐवजी बचत खात्यात येते. म्हणून दोन्ही पासबुकं बघा.

आपल्या शेतकऱ्याने खरिपाचे उरलेले ४०,००० आणि व्याज ३१ मार्चपर्यंत भरलं असतं, तर त्याच प्रॉडक्टवर ३ टक्क्यांनी १,६२२ रुपये परत मिळाले असते. थकल्यामुळे ते गेले आणि वर वाढीव दर लागला. त्याने ३० जूनला रब्बी पूर्ण भरलं, तर रब्बीपुरती सवलत मिळेल का, हे भरण्याआधी शाखेत विचारून घ्यावं. आणि पावतीवर रक्कम रब्बीच्या कर्जात जमा करायची असं स्पष्ट लिहून घ्यावं, नाहीतर ती जुन्या थकबाकीकडे वळते.

मार्चअखेर एकाच दिवशी मोठी जमा आणि तेवढीच उचल दिसते. हे काय?

ते नवं-जुनं. जुनं कर्ज भरलं आणि त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत नवं उचललं. बाकी होती तिथेच दिसते, पण हिशेब पूर्ण बदललेला असतो. जुनी उचल मिटली, नव्या उचलीची तारीख ही आणि तिची देय तारीखही नवी. वहीत जुन्या बाजूला आडवी रेघ मारून नवं पान सुरू करा.

इथे एक गोष्ट तपासाच. जमा झालेली रक्कम मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज मिळून पूर्ण होती का? व्याजाचे हजार-दीड हजार राहून गेले, तर कागदावर जुनं कर्ज पूर्ण फिटलेलं नसतं आणि सवलतीचा दावा अडकू शकतो.

विकास सोसायटीतून कर्ज आहे. रीत हीच का?

व्याजाचं गणित तेच, पण कागद दोन. जिल्हा बँकेच्या खात्याची नोंद वेगळी आणि सोसायटीच्या खतावणीतली तुमच्या नावाची नोंद वेगळी. तुमचं देणं सोसायटीला आहे, म्हणून हिशेब सोसायटीच्या उताऱ्यावरून करा आणि बँकेच्या नोंदीशी तारखा ताडून बघा.

ऊस उत्पादकांनी तर तारखांकडे विशेष बघावं. कारखाना उसाच्या बिलातून कर्जाची रक्कम कापतो ती एक तारीख, आणि ती तुमच्या कर्जखात्यात जमा होते ती दुसरी. मधल्या दिवसांचं व्याज तुमच्या अंगावर चढतं. ४०,००० रुपये वीस दिवस उशिरा जमा झाले तर ७ टक्क्यांनीसुद्धा दीडशे रुपयांवर व्याज होतं. बिलाची पावती आणि उतारा शेजारी ठेवून दोन्ही तारखा सचिवांना दाखवा.

दंडव्याज वेगळं धरायचं का?

व्यापारी आणि ग्रामीण बँकांना १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर दंड व्याजदरात मिसळता येत नाही. तो दंडशुल्क म्हणून वेगळ्या ओळीत दाखवावा लागतो आणि त्यावर पुढे व्याज लावता येत नाही. सवलत संपल्यावर लागणारा बँकेचा नेहमीचा दर हा दंड नव्हे, तो वेगळा. उताऱ्यात दंडशुल्क दिसलं तर ते वहीत तिसऱ्या रकान्यात लिहा, मुद्दलात मिळवू नका. पीकविम्याचा हप्ता मात्र बँकेने तुमच्या वतीने भरलेला असतो, तो त्या हंगामाच्या उचलीतच धरायचा.

थकलं म्हणजे लगेच एनपीए होतं का?

नाही. एनपीए म्हणजे बँकेने अनुत्पादक ठरवलेलं कर्ज. देय तारीख उलटली की कर्ज फक्त थकीत. एनपीए ठरायला अल्पमुदतीच्या पिकांत दोन हंगाम आणि लांब मुदतीच्या पिकांत एक हंगाम थकबाकी राहावी लागते. आपल्या उदाहरणातला शेतकरी ३० जूनला थकबाकीदार आहे, एनपीए नाही. पण थकबाकीमुळे नव्या हंगामाची उचल अडते, हा त्रास त्याला लगेच होतो.

आकडा जुळला नाही तर शाखेत नेमकं काय मागायचं?

‘बाकी किती’ असं विचारलं तर पडद्यावरचा ५४,८२७ हाच आकडा सांगतील. त्याऐवजी लेखी अर्ज द्या आणि त्यात तीन गोष्टी मागा: अमुक तारखेला खातं बंद करायला लागणारी पूर्ण रक्कम, हंगामवार मुद्दल आणि व्याज, आणि कोणत्या तारखेपासून कोणता दर लावला ते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. सोबत तुमच्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली तर अधिकाऱ्याला चूक कुठल्या टप्प्यात आहे ते लगेच सापडतं.

राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला फी नाही. सोसायटीच्या हिशेबाबद्दल तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्यायचा. आणि पूर्ण रक्कम भरलीत त्या दिवशी पावतीसोबत बेबाकी दाखलाही मागून घ्या, कारण सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला तलाठ्याकडे तोच लागतो.